पिकअप आणि ट्रान्सफर: ओटीतले दोन दिवस, दोन वेगळ्या गोष्टी

पहिल्यांदा आयव्हीएफ करणाऱ्या बायकांना पिकअप, म्हणजे अंडाशयातून बीजं काढण्याचा दिवस, आणि ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याचा दिवस, हे दोन्ही सारखेच वाटतात. दोन्ही वेळा ओटीत जायचं, फॉर्मवर सह्या करायच्या, हिरवा गाऊन घालून टेबलावर झोपायचं. माझ्या पाहण्यात बहुतेकींची भीती मात्र ट्रान्सफरभोवती गोळा होते. खरं तर शरीराच्या दृष्टीने सांभाळायचा दिवस पिकअपचा असतो, आणि त्याच्या तयारीतली एक चूक महागात पडू शकते.

उदाहरण म्हणून एक बाई घेऊ. वय ३२, अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी एएमएच २ च्या आसपास. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली आणि रोज २२५ युनिटची इंजेक्शनं सुरू झाली. एरवी दर महिन्याला अंडाशयातला एकच फॉलिकल, म्हणजे बीज असलेली पाण्याची छोटी पिशवी, मोठा होतो आणि बाकीचे सुकून जातात. या इंजेक्शनांमुळे त्या महिन्यात तयार असलेले बाकीचेही वाढतात. पाच-सहा दिवसांनी दुसरं इंजेक्शन जोडलं जातं. ते बीजं वेळेआधी फुटू नयेत म्हणून असतं. टोचल्या जागी थोडा वेळ लाल होऊन खाज येते, त्याला घाबरू नये. मध्ये दोन-तीनदा सोनोग्राफी होते. तीन फॉलिकल १७-१८ मिलिमीटरचे झाले की ट्रिगर, म्हणजे बीजं पिकवणारं शेवटचं इंजेक्शन, ठरतो.

ट्रिगर हे एकच इंजेक्शन, पण त्याची वेळ मिनिटासकट लिहून देतात. त्यानंतर बीज आतून परिपक्व होतं आणि फॉलिकलच्या भिंतीपासून सुटतं. त्याला साधारण ३४ ते ३६ तास लागतात. त्याहून फार उशीर झाला तर बीजं पोटात फुटून जातात, फार लवकर गेलं तर ती कच्ची असतात किंवा सुईतून येतच नाहीत. आपल्या उदाहरणात मंगळवारी रात्री साडेदहाला ट्रिगर आणि गुरुवारी सकाळी साडेदहाला पिकअप. समजा इंजेक्शनचं पेन नीट चाललं नाही, किंवा साडेदहाचे साडेअकरा झाले, तर त्याच रात्री क्लिनिकला फोन करा. तासाभराचा फरक असेल तर पिकअपची वेळ पुढे सरकवता येते, आणि औषध गेलंच नसेल अशी शंका असेल तर दुसऱ्या दिवशी रक्त तपासून कळतं. लपवलेली चूक मात्र पिकअपच्या टेबलावर, रिकाम्या ट्यूबमध्ये समजते. ओरडा बसेल म्हणून गप्प राहू नका.

पिकअपला उपाशीपोटी यायचं असतं, कारण भूल देतात. लघवी करून मूत्राशय रिकामं करायचं. योनिमार्गाच्या सोनोग्राफीच्या प्रोबला लावलेली लांब, बारीक सुई योनीच्या भिंतीतून अंडाशयात जाते आणि एकेक फॉलिकलमधलं पाणी ट्यूबमध्ये ओढून घेते. ट्यूब लगेच शेजारच्या लॅबमध्ये जाते. तिथे एम्ब्रियोलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली त्या पाण्यात बीज शोधतात. सगळं वीस-पंचवीस मिनिटांत होतं. पोटावर टाका नाही, चीर नाही. तरी हे छोटं ऑपरेशनच आहे. दिवसभर पाळीसारखं दुखतं, थोडा डाग दिसतो. त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये.

इथे आकड्यांनी धास्ती घेण्याची वेळ येते, म्हणून आधीच माहीत असावं. सोनोग्राफीत १४ फॉलिकल दिसले, बीजं निघाली ११. प्रत्येक फॉलिकलमधून बीज येतंच असं नाही. त्यातली ९ परिपक्व होती, ७ फलित झाली आणि पाचव्या दिवशी ३ ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच दिवस वाढलेले भ्रूण, उरले. या बाईच्या बाबतीत काहीही बिघडलेलं नाही, गळती अशीच होते. रोज सकाळी लॅबचा फोन आल्यावर आकडा कमी होताना ऐकणं जड जातं, ते मी कमी लेखत नाही. पण १४ हा आकडा मनात धरून बसलात तर प्रत्येक फोन अपयशाचा वाटेल.

पिकअपनंतर लक्ष ठेवायचं ते पोटावर. पोट फुगत चाललं, वजन दिवसाला किलोभर वाढलं, लघवी कमी झाली, उलट्या किंवा धाप लागली, तर अंडाशय जास्त उत्तेजित झाल्याची शक्यता असते. ताप, खूप रक्तस्राव किंवा वाढतं दुखणं असेल तरी सकाळची वाट न पाहता फोन करावा. ज्यांचे फॉलिकल खूप आहेत, त्यांना डॉक्टर बरेचदा त्याच महिन्यात ट्रान्सफर करत नाहीत आणि सगळे भ्रूण गोठवतात. गर्भ राहिला तर त्याच्या हार्मोनमुळे हा त्रास आणखी चिघळतो, म्हणून हे थांबणं असतं. ‘ट्रान्सफर रद्द केलं’ असं ऐकल्यावर सायकल फुकट गेली असं समजू नका.

आता ट्रान्सफर. इथे जवळजवळ सगळंच उलटं. सहसा भूल नसते, उपास नसतो, आणि मूत्राशय बऱ्यापैकी भरलेलं लागतं, कारण त्यामुळे पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय नीट दिसतं. पॅप तपासणीसारखं स्पेक्युलम लावतात. कॅथेटर, म्हणजे मऊ बारीक नळी, गर्भाशयाच्या मुखातून आत जातो आणि भ्रूण द्रवाच्या थेंबासकट सोडला जातो. स्क्रीनवर चमकणारा पांढरा ठिपका दाखवतात, तो भ्रूण नसून सोबतची हवा किंवा द्रव असतो. भ्रूण डोळ्याला दिसण्याइतका मोठा नसतो. मग कॅथेटर पुन्हा मायक्रोस्कोपखाली तपासतात. कधी भ्रूण त्यातच अडकलेला सापडतो, तेव्हा लगेच परत सोडतात. ही घाबरण्याची गोष्ट नाही.

उठल्यावर पडेल का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकीच्या मनात असतो. गर्भाशय पोकळ भांड्यासारखं नसतं, त्याच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. ओल्या साडीच्या घडीत अडकलेल्या मोहरीसारखा भ्रूण तिथे राहतो. लगेच लघवीला गेलात, खोकलात, जिना चढलात तरी तो खाली येत नाही. पलंगावर पडून राहिल्याने गर्भ राहण्याची शक्यता वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. घरच्यांनी आठवडाभर झोपवून ठेवायचं ठरवलं असेल तर त्यांनाही हे सांगा. जड ओझी मात्र टाळावीत, कारण पिकअप नुकतंच झालं असेल तर अंडाशय अजून सुजलेले असतात.

ट्रान्सफरसाठी घड्याळ चालतं ते प्रोजेस्टेरॉनचं, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर गर्भासाठी तयार करणाऱ्या हार्मोनचं. फ्रेश ट्रान्सफरमध्ये, म्हणजे भ्रूण न गोठवता त्याच महिन्यात सोडताना, ते पिकअपनंतर सुरू होतं. गोळ्या देऊन अस्तर तयार करून गोठवलेला ब्लास्टोसिस्ट सोडायचा असेल, तर त्याआधी साधारण पाच दिवस प्रोजेस्टेरॉन चालू असावं लागतं. भ्रूण पाच दिवसांचा, तर अस्तरही तितकंच पुढे गेलेलं हवं. म्हणून पहिला डोस कोणत्या दिवशी, किती वाजता घेतला, ते लिहून ठेवा. एखादा डोस चुकला तर विचारा, मनाने दुप्पट घेऊ नका.

पुढच्या दिवसांत छाती दुखणं, पोट जड वाटणं, झोप येणं हे सगळं प्रोजेस्टेरॉनमुळेही होतं. त्यावरून गर्भ राहिला किंवा नाही, काहीच कळत नाही. ट्रिगरमध्ये एचसीजी, म्हणजे गर्भाच्या टेस्टमध्ये शोधतात तेच हार्मोन, असेल तर ते दहा-बारा दिवस अंगात राहू शकतं, त्यामुळे घाईने घरी केलेली टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. डाग दिसला तरी औषध स्वतःहून बंद करू नका. सांगितलेल्या तारखेला रक्तातलं बीटा एचसीजी करा आणि रिपोर्ट आल्यावर, डॉक्टरांनी सांगितलं तरच प्रोजेस्टेरॉन थांबवा.