गाळ्याच्या भाड्याचे बिल: मेंटेनन्सच्या ओळीत काय धरायचे, काय नाही
(एक-दोन गाळे भाड्याने दिलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

सोसायटीचे तिमाही बिल आले की बरेच मालक त्यातली एकूण रक्कम तीनने भागतात आणि भाडेकरूच्या बिलात ‘मेंटेनन्स’ म्हणून टाकतात. आमच्याकडे बिले करायला देणाऱ्यांना आम्ही आधी ते सोसायटीचे बिल उलगडून बघायला सांगतो, कारण त्यातल्या सगळ्या रकमा भाडेकरूने भरण्याजोग्या नसतात.

समजा, दादरला तुमचा एक गाळा आहे. भाडे महिना ४२,००० रुपये, दर वर्षी भाड्यात ५ टक्के वाढ, आणि मेंटेनन्स भाडेकरूकडे, असा करार आहे. भाडेकरूचे स्टेशनरीचे दुकान आहे आणि त्याची जीएसटी नोंदणी आहे. तुमची नाही. सोसायटीचे तिमाही बिल १७,२५० रुपयांचे आले. त्यात सेवाशुल्क ९,६००, पाणी १,२००, सामायिक वीज १,३५०, मालमत्ता कर २,४००, सिंकिंग फंड ९०० आणि दुरुस्ती निधी १,८०० आहे.

यातले पहिले तीन खर्च रोजच्या वापराचे आहेत. त्यांची बेरीज १२,१५०, म्हणजे महिन्याला ४,०५० रुपये. भाडेकरूच्या बिलात एवढेच जायला हवे. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी इमारतीच्या आयुष्यासाठी साठवला जातो. भाडेकरू उद्या गाळा सोडून गेला तरी त्या पैशाचा उपयोग तुमच्याच मिळकतीला होणार. थकबाकीवर सोसायटीने व्याज लावले असेल तर तेही तुमचेच. मालमत्ता कराचे कारण वेगळे आहे: हा कर मालकाने स्वतः सोसला आणि त्या वर्षात भरला, तरच गाळ्याच्या भाड्याच्या उत्पन्नातून त्याची वजावट मिळते. भाडेकरूवर ढकललात तर ती वजावट हातची जाते. म्हणून तो भाड्याच्या आकड्यातच सामावून घ्यावा, हे आम्ही करार करतानाच सांगतो.

मग बिल असे होईल:

जुलै महिन्याचे भाडे: ४२,०००
मेंटेनन्स (सोसायटीचे जुलै-सप्टेंबर बिल, प्रत जोडली आहे): ४,०५०
एकूण: ४६,०५०

बिलावर क्रमांक, तारीख, गाळ्याचा पत्ता आणि तुमचा पॅन असू द्या. सोसायटीच्या बिलाची प्रत दर तिमाहीला न चुकता जोडा. मेंटेनन्सबद्दलची बहुतेक कुरबूर आकड्यापेक्षा तो आकडा कुठून आला हे न कळल्यामुळे होते, असा आमचा अनुभव आहे. बेस्टचे वीजबिल भाडेकरूने परस्पर भरावे. ते या बिलात आणूच नका.

ओळ वेगळी ठेवल्याचा फायदा पुढच्या वर्षी दिसतो. ५ टक्के वाढ ४२,००० वरच लागते, म्हणजे भाडे ४४,१०० होते. मेंटेनन्स मात्र सोसायटी वाढवेल तेव्हाच आणि तेवढाच वाढतो.

आता सर्वांत जास्त गैरसमज असलेली गोष्ट. ओळ वेगळी लिहिली म्हणून मेंटेनन्स जीएसटीतून सुटत नाही. तो त्याच कराराखाली, भाड्याच्या जोडीने तुम्ही घेता, म्हणून त्यालाही भाड्याचाच १८ टक्के दर लागतो. सोसायटीचे बिल सभासद म्हणून तुमच्या नावावर येते, त्यामुळे ‘मी फक्त भाडेकरूच्या वतीने पैसे भरले’ असे म्हणणेही अवघड जाते.

पण हा कर तुमच्या बिलात येणार नाही. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावणे बेकायदा आहे, आणि ही चूक आम्ही अनेक बिलांवर पाहिली आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाच्या गाळ्यावरचा कर नोंदणी असलेल्या भाडेकरूने उलट आकारणीने स्वतः भरायचा असतो. इथे तो ४६,०५० वर ८,२८९ रुपये होतो. भाडेकरूने तो जीएसटी पोर्टलवरच्या कॅश लेजरमधून भरून स्वतःच बिल तयार करायचे. नेहमीच्या पद्धतीने कर भरत असेल तर त्याला या कराचे क्रेडिटही मिळते. कंपोझिशन योजनेतल्या भाडेकरूला १६ जानेवारी २०२५ पासून हे लागू नाही. तुमची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांवर गेली की मात्र नोंदणी तुम्हालाच घ्यावी लागेल, आणि मग १८ टक्के तुमच्या बिलात येतील.

टीडीएसची मर्यादा महिना ५०,००० रुपये आहे. तिसऱ्या वर्षी भाडे ४६,३०५ होईल आणि त्यात मेंटेनन्स ४,०५० मिळवला की ५०,३५५. मेंटेनन्स तुमच्याच हाती येत असल्याने आम्ही तो भाड्यातच धरतो. आदल्या वर्षी धंद्याची उलाढाल एक कोटीच्या वर गेलेला भाडेकरू त्या महिन्यापासून १० टक्के कापेल. तेवढी उलाढाल नसलेली व्यक्ती असेल तर २ टक्के, आणि तेही साधारणपणे वर्षअखेरीस एकदाच. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा झाली का, हे फॉर्म २६एएसमध्ये तपासा. नसेल तर पुढचे बिल देण्याआधी भाडेकरूला विचारा.