पहिल्या तीन महिन्यांचा आहार आणि वजनाचा काटा : नव्या सभासदांसाठी

नमस्कार,

जिम सुरू करून तीन आठवडे होत आले, की नवे सभासद हमखास विचारतात : "जेवण कमी केलं, व्यायाम एकदाही चुकवला नाही, मग काटा का हलत नाही?" नेमक्या याच दिवसांत घाबरून जेवण आणखी कापलं जातं, आणि पुढच्या महिनाभरात आहार मोडतो. म्हणून हे पत्रक पहिल्याच दिवशी तुमच्या हाती देत आहोत. ते वजन कमी करायला आलेल्यांसाठी आहे. वजन वाढवायचं असेल तर हिशेब वेगळा असतो, तो तुमच्या ट्रेनरकडून समजून घ्या.

काट्यावर काय काय चढतं

काट्यावरच्या आकड्यात चरबी असते, तसंच स्नायू, पाणी आणि पोटातलं अन्नही असतं. चरबी हळूहळू कमी होते. पाणी मात्र एका रात्रीत किलोभर इकडेतिकडे होऊ शकतं.

स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. जेवण कमी झालं की हा साठा थोडा उतरतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. पहिल्या आठवड्यात वजन झपकन उतरतं ते बरंचसं यामुळे. त्या वेगावरून पुढच्या महिन्याचा अंदाज बांधू नका.

याच्या उलटही घडतं. सवय नसलेला व्यायाम सुरू केला की स्नायूंना सूक्ष्म इजा होते. अंग दुखतं, आणि दुरुस्ती चालू असताना स्नायू पाणी धरून ठेवतात. खारट जेवण, अपुरी झोप आणि पाळीच्या आधीचे दिवस यांनीही पाणी वाढतं. तेव्हा चरबी उतरत असली तरी काटा जागचा हलत नाही.

एक हिशेब करून पाहू

समजा, एका सभासदाचं वजन ८४ किलो आहे आणि ते आहे तिथे टिकवायला त्याला दिवसाला साधारण २५०० कॅलरी लागतात. (हा आकडा सूत्राने काढलेला अंदाज असतो. त्यात दोन-तीनशेचा फरक सहज पडतो.) तो २०५० कॅलरी खातो, म्हणजे रोजची तूट ४५०, आठवड्याची ३१५०. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. म्हणजे आठवड्याला सुमारे ४०० ग्रॅम चरबी कमी होईल.

त्याच्या वजनाची आठवड्याची सरासरी अशी दिसू शकते : सुरुवातीला ८४.०, पहिल्या आठवड्यात ८२.९, दुसऱ्यात ८२.६, तिसऱ्यात ८२.७, चौथ्यात ८२.१. तिसऱ्या आठवड्यात वजन वाढलेलं दिसतं, कारण तेव्हा व्यायामातली वजनं वाढवलेली असतात आणि स्नायूंत पाणी साठलेलं असतं. चरबी त्याही आठवड्यात ४०० ग्रॅमच्या आसपास उतरलेली आहे. चौथ्या आठवड्यात अंगदुखी ओसरली, की ती काट्यावर दिसते.

आता तो तिसऱ्या आठवड्यात घाबरला आणि जेवण १६५० वर आणलं असं धरा. रोजची तूट ८५० झाली. पाच दिवस त्याने निभावलं, तर ४२५० झाले. मग भूक अनावर होऊन दोन दिवस प्रत्येकी ३४०० कॅलरी खाल्ल्या गेल्या, म्हणजे गरजेपेक्षा रोज ९०० जास्त. त्यात १८०० परत गेले. आठवड्याची तूट उरली २४५०, म्हणजे आधीच्या सोप्या आहारापेक्षाही कमी. त्रास दुप्पट झाला आणि पदरात कमी पडलं. म्हणूनच सुरुवातीला आम्ही मोठी तूट ठेवू देत नाही.

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्क्याच्या आसपास घट चांगली समजा. एक टक्क्याच्या पुढे जाऊ नका, कारण त्या वेगात स्नायूही जाऊ लागतात. वरच्या उदाहरणात कागदावर बारा आठवड्यांत जवळजवळ पाच किलो होतात. प्रत्यक्षात चार किलो उतरले तरी आहार नीट चालला असं आम्ही मानतो. वजन उतरतं तशी शरीराची गरजही थोडी घटते, आणि काही दिवस हातचे सुटतातच.

वजन कसं मोजायचं

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, रोज त्याच काट्यावर मोजा. आठवड्यातून किमान चार दिवस मोजून त्यांची सरासरी काढा आणि सरासरीचीच सरासरीशी तुलना करा. एका दिवसाच्या आकड्यावरून जेवणात काहीही बदलू नका. दर पंधरा दिवसांनी बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. श्वास सहज सोडलेला असावा, पोट आत ओढू नका. वजन तेवढंच राहिलं आणि कंबर दोन सेंटिमीटर उतरली, तर आहार लागू पडतोय.

सरासरी खरंच चार आठवडे हलली नाही तर

कंबरही तेवढीच असेल, तर तूट नाही असं समजायचं. पण लगेच ताट कमी करू नका, आधी मोजमाप तपासा. सगळ्यात जास्त निसटतं ते तेल. १५ मिली तेलात १२० च्या आसपास कॅलरी असतात. अंदाजाने ओतलेले असे तीन चमचे रोज हिशेबात धरायचे राहिले, तर ४५० च्या तुटीतले ३६० तिथेच गेले. त्यानंतर गोड पेयं, स्वयंपाक करताना घेतलेले घास आणि सुट्टीचे दिवस. एक आठवडा तेल मोजून वापरा आणि खाल्लेलं सगळं त्याच वेळी लिहा.

घड्याळाने दाखवलेल्या व्यायामाच्या कॅलरी मात्र जेवणात वाढवून खाऊ नका. तो आकडा बऱ्याचदा जास्त असतो.

मोजमाप नीट निघालं, तर सुरुवातीचा अंदाजच जास्त होता. मग रोजच्या १५० ते २०० कॅलरी कमी करा, आणि पुन्हा तीन आठवडे थांबून बघा.

प्रथिनं

तूट असताना स्नायू टिकवायला वजन उचलणं आणि प्रथिनं, दोन्ही लागतात. दर किलो वजनामागे १.६ ग्रॅम हे चांगलं लक्ष्य आहे. ८४ किलोला ते १३४ ग्रॅम होतं. पण आत्ता ६० ग्रॅम खात असाल, तर एकदम तिथे उडी मारू नका. पोट जड होतं, गॅस होतो, बद्धकोष्ठता होते. पहिल्या महिन्यात १०० पर्यंत या आणि ती प्रत्येक जेवणात विभागून घ्या. अंदाजासाठी : एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, २५० मिली दुधात आठ, शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरात नऊ. पावडर सोयीची असते, तिच्यावाचून अडत नाही.

आधी डॉक्टरांशी बोला

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या, नाहीतर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरच ठरवतील. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल किंवा पूर्वी खाण्याच्या विकाराचा त्रास झाला असेल, तर हा हिशेब तुमच्यासाठी नाही, ट्रेनरला आधी सांगा. व्यायामात चक्कर येणं, सतत थंडी वाजणं, पाळी चुकणं ही तूट फार मोठी झाल्याची लक्षणं असू शकतात. त्यासाठी चार आठवडे थांबू नका, त्याच दिवशी कळवा.

बाकी सगळ्यांनी चौथ्या आठवड्याच्या शेवटी चार सरासऱ्या आणि कंबरेची मापं लिहिलेली वही घेऊन या. आहारातला पहिला बदल ती वही बघूनच करू.