तोंडी आदेशाची लेखी पुष्टी: कोणी, कशी आणि केव्हा मागायची

अधिकाऱ्याने निवडून आलेल्या सरकारचे ऐकायचे असते आणि कोणत्याही पक्षाचा माणूसही व्हायचे नसते. या दोन गोष्टी एकमेकींवर आदळतात त्या बहुधा फोनवर. "साहेबांनी सांगितलंय, आज पत्र काढा." हा निरोप खरा आहे का, नियमात बसतो का आणि त्याची जबाबदारी कोणाची, या तिन्ही प्रश्नांसाठी आपल्या सेवा नियमांत एक साधी प्रक्रिया आहे: तोंडी आदेश लेखी करून घेणे. ती उद्धटपणाची नाही आणि हट्टाचीही नाही. मंत्र्यांचा निर्णय मंत्र्यांच्या नावावर आणि अधिकाऱ्याचे मत अधिकाऱ्याच्या नावावर नोंदवायची ती पद्धत आहे.

ही मागणी कोण करू शकतो

भारतीय प्रशासन, पोलीस आणि वन सेवेतील अधिकाऱ्यांना अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, 1968 लागू होतात. त्यातल्या नियम 3(3) नुसार अधिकाऱ्याने स्वतःच्या विवेकाने योग्य वाटेल तसेच वागायचे असते. अपवाद एकच, वरिष्ठांच्या निर्देशाने वागण्याचा. निर्देश साधारणपणे लेखीच हवा. तोंडी देणे टळत नसेल तर वरिष्ठाने तो लगेच लेखी द्यायचा, आणि तोंडी निर्देश मिळालेल्या अधिकाऱ्याने शक्य तितक्या लवकर लेखी पुष्टी मागायची. मागितल्यावर ती देणे हे वरिष्ठाचे कर्तव्य ठरते. म्हणजे पुष्टी मागणे हा अधिकाऱ्याचा नुसता हक्क नाही, त्याच्यावर घातलेले बंधन आहे. केंद्र सरकारच्या इतर कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 मध्येही हीच व्यवस्था आहे. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधला नियम 3 पाहावा.

अखिल भारतीय सेवांच्या नियमांत 2014 मध्ये राजकीय तटस्थता हा शब्दच घालण्यात आला. त्याआधी 31 ऑक्टोबर 2013 रोजी टी. एस. आर. सुब्रमण्यम विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, सूचनांची नोंद ठेवावी.

या प्रक्रियेत कोण बसत नाही, तेही नीट समजून घ्या. पुष्टी वरिष्ठाकडून मागायची असते. आमदार, खासदार, पक्षाचे पदाधिकारी हे तुमचे वरिष्ठ नाहीत. त्यांनी फोन केला तर ती विनंती आहे. तिची पुष्टी मागत बसू नका. लेखी अर्ज द्यायला सांगा आणि इतर अर्जांसारखाच तो आवक नोंदवहीत चढवा. मंत्र्यांचे खासगी सचिवही आदेश देणारे अधिकारी नव्हेत, ते निरोप आणतात. म्हणूनच मंत्र्यांच्या वतीने दिलेला तोंडी आदेश त्यांनी लगेच लेखी कळवावा, असे केंद्रीय सचिवालयाच्या कार्यालयीन कार्यपद्धती पुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे.

आदेश कोणत्या प्रकारचा आहे, ते आधी ठरवा

बहुतेक चुका इथेच होतात. आदेश पटला नाही म्हणजे तो बेकायदा, असे समजणारा अधिकारी तटस्थ राहत नाही. एखाद्या योजनेचा पैसा सिंचनाऐवजी रस्त्यांकडे वळवावा असे मंत्र्यांना वाटले आणि तसा अधिकार त्यांना असेल, तर मतदारांनी त्यांना निवडले ते अशा निवडी करण्यासाठीच. अधिकाऱ्याने आकडेवारीनिशी विरोधी मत टिपणीत लिहावे. निर्णय उलट गेला तर तो तितक्याच मनापासून अमलात आणावा. मुद्दाम फाईल रेंगाळत ठेवणे हेही राजकारणच.

दुसरा प्रकार असतो प्रचलित नियमात न बसणाऱ्या आदेशाचा. हा नियम बदलता किंवा शिथिल करता येतो, पण त्याची ठरलेली वाट असते. लेखी पुष्टीची प्रक्रिया सर्वांत जास्त उपयोगी पडते ती इथे. तिसरा प्रकार उघड बेकायदा आदेशाचा: खोटी नोंद करा, कागद मागच्या तारखेने काढा. असा आदेश लेखी आला म्हणून कायदेशीर होत नाही आणि पाळणाऱ्याचा बचावही होत नाही. त्याला नकारच द्यायचा, तोही लेखी आणि कारणासह.

कागदपत्रे

वेगळा नमुना अर्ज नाही, शुल्क नाही. लागते ती मूळ फाईल, संबंधित नियमाची किंवा मार्गदर्शक सूचनेची प्रत (ज्या परिच्छेदाचा आधार घ्यायचा त्यावर खूण करून) आणि निरोप मिळाल्याची नोंद: तारीख, वेळ, कोणाकडून, फोनवर की समक्ष, आणि शब्द काय होते. ही नोंद त्याच दिवशी करा. तीन आठवड्यांनी, चौकशीची कुणकुण लागल्यावर लिहिलेल्या टिपणीला फारशी किंमत राहत नाही.

एक प्रकरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, केंद्राच्या एका मंत्रालयात संस्थांना अनुदान देणारी योजना आहे. अर्जाची शेवटची तारीख 31 जुलै, अट तीन वर्षांच्या लेखापरीक्षित हिशेबांची. एका संस्थेचा अर्ज 9 ऑगस्टला आला, सोबत दोनच वर्षांचे हिशेब. 14 ऑगस्टला दुपारी 4.40 वाजता खासगी सचिवांचा उपसचिवांना फोन येतो: या संस्थेला मंजुरी द्या, साहेबांचे आदेश आहेत.

उपसचिवांनी फोनवर वाद घालायचा नाही, होही म्हणायचे नाही. "फाईलवर सादर करतो" एवढे पुरे. त्याच संध्याकाळी टिपणी अशी असावी:

"आज दि. 14 ऑगस्ट रोजी दुपारी 4.40 वाजता मा. मंत्री महोदयांच्या खासगी सचिवांनी दूरध्वनीवरून कळविले की, सदर संस्थेस अनुदान मंजूर करण्याचे मा. मंत्री महोदयांचे निर्देश आहेत. संस्थेचा अर्ज अंतिम दिनांकानंतर 9 दिवसांनी प्राप्त झाला आहे. तीन वर्षांच्या लेखापरीक्षित हिशेबांपैकी दोनच जोडले आहेत. त्यामुळे सदर निर्देश प्रचलित मार्गदर्शक सूचनांशी सुसंगत नाहीत. पुढील कार्यवाहीबाबत स्पष्ट आदेश व्हावेत."

या टिपणीत "दबाव" नाही, "राजकीय हेतू" नाही, संस्था कोणाच्या नातेवाइकांची आहे तेही नाही. हेतू तुम्हाला सिद्ध करता येत नाही. तारीख आणि कागद मात्र करता येतात. विशेषण घातले की टिपणी अधिकाऱ्याच्या रागाची नोंद बनते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

टिपणी जाते विभागाच्या सचिवांकडे, रीतसर सहसचिवांमार्फत. मंत्र्यांची तोंडी सूचना नियमाशी जुळत नसेल तर ती जुळत नाही असे स्पष्ट लिहून सचिवांचे आदेश घ्यावेत, असे कार्यपद्धती पुस्तिकाच सांगते. सूचना नियमात बसत असली तरी ती सचिवांच्या कानावर घालायची असते. कारण भारत सरकारच्या 1961 च्या कार्य व्यवहार नियमांप्रमाणे विभागाचे काम नियमानुसार चालते की नाही, याची जबाबदारी सचिवांवर असते. उपसचिवाने थेट मंत्र्यांना पत्र लिहू नये.

सचिव फाईल मंत्र्यांपुढे ठेवतात, आणि इथून तीन वाटा फुटतात. बरेचदा विषय तिथेच संपतो. टिपणी वाचल्यावर मंत्री "नियमानुसार कार्यवाही" असे लिहितात, किंवा असा आदेश दिलाच नव्हता असेही निघते. निरोप मधल्या माणसाने परस्पर वाढवलेला असतो आणि लेखी पुष्टीमुळे मंत्र्यांचेही रक्षण होते. दुसरी वाट: दुर्गम भागातल्या नव्या संस्थांना संधी मिळावी म्हणून दोन वर्षांचे हिशेब चालावेत आणि मुदत वाढवावी, असे मंत्र्यांना खरोखर वाटते. ती धोरणाची बाब झाली. मग वित्तीय सल्लागारांचे मत घेऊन मार्गदर्शक सूचना बदलायच्या, नवी मुदत जाहीर करायची आणि अटीत अडकलेल्या सगळ्याच संस्थांना अर्ज करू द्यायचा. इथे उपसचिवांनी पूर्वीची हरकत उगाळत बसू नये.

तिसरी वाट अडचणीची. मंत्री फक्त याच संस्थेला मंजुरी लिहून देतात. सूचनांमध्ये अट शिथिल करण्याचा अधिकार मंत्र्यांना दिलेला असेल आणि त्यांनी कारण नोंदवले असेल, तर आदेश पाळायचा. तसा अधिकार नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता आणि वित्त विभागाची सहमती मिळेपर्यंत मंजुरीपत्र निघू शकत नाही. हे कारण फाईलवर लिहून ती परत सादर करायची. कसोटी सोपी आहे: संस्था दुसऱ्या पक्षाच्या नेत्याची असती तर हीच टिपणी लिहिली असती का?

कुठे घोळ होतो

ई-ऑफिसमध्ये पिवळी टीप हा कच्चा मजकूर असतो. तो बदलता येतो, टाकूनही देता येतो. हिरवी टीप पुढे पाठवली की कायम राहते. पुष्टीची मागणी पिवळ्या टिपेत ठेवून तोंडी चर्चेवर समाधान मानले, तर पुराव्यादाखल हाती काहीच उरत नाही. "चर्चेनुसार सादर" हे शब्दही तसेच फसवे. चर्चा कोणाशी, कधी आणि काय ठरले, हे लिहिले नाही तर निर्णय लिहिणाऱ्याच्याच गळ्यात पडतो.

मंत्री दौऱ्यावर किंवा आजारी असतील आणि काम खरोखर तातडीचे असेल, तर फोनवर मान्यता घेता येते. ती खासगी सचिवांनी लेखी कळवायची आणि मंत्री परतल्यावर फाईलवर पुष्टी घ्यायची. ही शेवटची पायरी हमखास विसरली जाते. पुष्टी मागणाऱ्या पत्राची पोच देणे वरिष्ठाच्या कार्यालयावर बंधनकारक आहे, तेव्हा पोच आलीच नाही तर आधीच्या टिपणीचा दिनांक देऊन स्मरण टिपणी पाठवा.

उलट बाजूचा दोषही सांगायला हवा. जो निर्णय स्वतःच्या अधिकारातला आहे, त्यासाठी वरून आदेश मागत राहणे वर्तणूक नियमांच्याच स्पष्टीकरणात वर्ज्य ठरवले आहे. तिथे लेखी आदेशाची मागणी म्हणजे जबाबदारी टाळणे.

बदलीची भीती खोटी नाही आणि टिपणीने बदली थांबत नाही. महाराष्ट्रात बदल्यांच्या 2005 च्या अधिनियमात साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ आहे आणि त्याआधी बदली करताना कारणे नोंदवावी लागतात. मात्र बदलीविरुद्ध दुसऱ्या नेत्याचा फोन लावू नका. सेवेच्या बाबतीत राजकीय वजन आणणे हाच वर्तणूक नियमांचा भंग आहे. सरकारच्या निर्णयावर जाहीर टीका करण्यासही मनाई आहे, म्हणून ती टिपणी पत्रकाराच्या हाती देऊ नका.

फाईलची छायाप्रत घरी नेणेही टाळा. फाईल क्रमांक, टीप क्रमांक आणि दिनांक डायरीत लिहून ठेवा. पुढे खात्याच्या चौकशीत याच क्रमांकावरून ती टिपणी मागवता येते, आणि माहितीच्या अधिकारात अर्ज करतानाही हाच क्रमांक उपयोगी पडतो.