कुलूप दिसलं म्हणजे साईट खरी, हे कुणी सांगितलं तुम्हाला?

पीक विम्याचे दिवस आले की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंका फिरायला लागतात आन प्रत्येक लिंकखाली एक तरी शहाणा लिहितोच, "लिंक ओरिजिनल आहे, कुलूप आलंय बघा, एचटीटीपीएस आहे." परभणी काय, लातूर काय, बीड काय, सगळीकडं हेच. कॉलेजातली पोरं म्हणायलेत, सेवा केंद्रावाले म्हणायलेत, मागं एका सायबर जागृतीच्या कार्यक्रमात स्टेजवरून बी हेच सांगितलेलं ऐकलं, "कुलूप बघा आणि मगच माहिती भरा." अर्धं बरोबर आहे हे, आन जे अर्धं राहिलंय त्याच्यातच लोकांचे पैसे जायलेत.

एचटीटीपी तुम्हाला माहितीच आहे, ब्राउझर आन सर्व्हर एकमेकांशी ज्या रितीनं बोलतात ती रीत. त्याच्यात सगळं उघडं जातं, मधे वायफाय चालवणारा, नेटवाला, कुणीबी वाचू शकतो आन बदलू बी शकतो. काही वर्षांमागं नेट कंपन्या एचटीटीपीच्या पानात स्वतःच्या जाहिराती मधेच घुसवायच्या, ते याच उघडेपणामुळं जमायचं. एचटीटीपीएस म्हणजे तेच बोलणं, पण टीएलएस नावाच्या वेष्टनातनं. पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, तो ८० च्या जागी ४४३, बाकी पान तेच, फॉर्म तोच. मधल्याला फारतर तुम्ही कोणत्या नावाच्या साईटवर गेलात एवढं कळतं, तिथं काय वाचलं, कोणता पासवर्ड टाकला ते कळत नाही, आन मधे काही बदललं तर ब्राउझरला लगेच समजतं. इथवर कुणाचा घोळ नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

घोळ पुढं आहे. वाटेत कुणी बघत नाही हे ठीक, पण ज्याच्याशी बोलतोय तो कोण? टीएलएस सुरू होताना सर्व्हर एक सर्टिफिकेट दाखवतो, ब्राउझर ते तपासतो आन मग कुलूप लावतो. लोकांना वाटतं या सर्टिफिकेटात "ही साईट सरकारची आहे" नाहीतर "ही कंपनी चांगली आहे" असं कायतरी असतं. तसं काही नसतं. साध्या सर्टिफिकेटात एवढंच असतं की ॲड्रेस बारमधे जे नाव दिसतंय, हा सर्व्हर त्याच नावाचा आहे. त्या नावामागं माणूस कोण, त्याची नियत काय, ते कुणी बघितलेलंच नसतं. गावातनं डेअरीला जाणाऱ्या दुधाच्या कॅनला सील असतं ना, तसंच हे. सील शाबूत आहे म्हणजे रस्त्यात कुणी पाणी घातलं नाही. गोठ्यातच पाणी घालून मग सील लावलं असेल तर सील काय बोलणार?

एक उदाहरण पूर्ण बघू. विम्याची खरी साईट आहे pmfby.gov.in. समजा कुणाला तिची नक्कल करायचीय. तो एक फालतू डोमेन, म्हणजे साईटचं नाव, घेतो, त्याला म्हणू pikvima-form.example (.example हे शेपूट मुद्दाम उदाहरणासाठीच राखून ठेवलेलं आहे, खऱ्या जगात तिथं .top, .xyz, .online असलं कायतरी असतं). डोमेन एकदा आपला झाला की त्याच्या डावीकडं काय बी जोडायला मालकाला मोकळीक असते, कुणाला विचारावं लागत नाही. मग तो असा पत्ता तयार करतो:

```
https://pmfby.gov.in.pikvima-form.example/kyc
```

आता सर्टिफिकेट. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था २०१५ च्या शेवटापासून सगळ्यांना फुकट सर्टिफिकेट देते, असल्या दुसऱ्या बी संस्था आहेत. हा माणूस आपल्या सर्व्हरवरनं प्रोग्रॅमनं अर्ज करतो. संस्था एक लांबलचक अक्षरांचा तुकडा देते आन म्हणते, हे नाव तुझं असेल तर हा तुकडा तुझ्या साईटवर या ठिकाणी ठेवून दाखव:

```
http://तुमचं-डोमेन/.well-known/acme-challenge/तुकडा
```

तो ठेवतो, संस्थेचं मशीन येऊन बघतं, तुकडा जुळला, सर्टिफिकेट मिळालं. काही मिनिटांचं काम. ना आधार, ना पॅन, ना ऑफिसात चक्कर, माणूस म्हणून कुणी त्याची साईट उघडून बी बघत नाही. (गंमत बघा, एचटीटीपीएससाठीची ही तपासणी साध्या एचटीटीपीवरनं, पोर्ट ८० वरनं होते. म्हणूनच लेट्स एन्क्रिप्ट एकाच जागेवरनं न बघता वेगवेगळ्या ठिकाणांहून बघतं, म्हणजे मधल्या एकट्यादुकट्याला फसवता येऊ नये.) आन यात त्या संस्थेची चूक काहीच नाही. तिनं विचारलं, नाव तुझं आहे का, आन नाव खरंच त्याचं होतं. फुकट सर्टिफिकेटला शिव्या घालणारे लोक मला अजिबात पटत नाहीत, त्याच्याआधी बारक्या बारक्या साईटी पैसे वाचवायला उघड्या एचटीटीपीवरच पडून असायच्या.

आता शेतकरी लिंक दाबतो. कुलूप येतं. आन ते कुलूप खोटं नाहीये, हे नीट ध्यानात घ्या. त्यानं भरलेला आधार नंबर, खातं नंबर, ओटीपी, सगळं व्यवस्थित एन्क्रिप्ट होऊन, वाटेत कुणालाबी न दिसता, थेट चोराच्या सर्व्हरवर पोचतं. तिथंच "केवायसीसाठी ॲप टाका" म्हणून एपीके दिली तर ती बी अशीच सुखरूप येते. एपीकेत व्हायरस असेल तर व्हायरस सुद्धा जसाच्या तसा, वाटेत एक अक्षर न बदलता येतो.

म्हणजे बघायचं ते नाव, आन नाव वाचायची एक पद्धत आहे जी कुणी शिकवतच नाही. https:// च्या पुढं पहिली तिरकी रेघ जिथं येते तिथं थांबायचं, आन तिथनं उलटं, उजवीकडनं डावीकडं वाचायचं. वरच्या पत्त्यात रेघेच्या आधी काय आहे? .example, त्याच्या डावीकडं pikvima-form. संपलं, मालक तोच. त्याच्या डावीकडचं pmfby.gov.in हे नुसतं सजवलेलं तोरण आहे. रेघेच्या उजवीकडं तर काय बी लिहिता येतं, तिथं gov.in दिसलं तरी हिशोबात धरायचं नाही. आपला डोळा डावीकडनं वाचतो आन मोबाईलची पट्टी अरुंद, मेसेजमधे लिंकचं तोंड तेवढं दिसतं, चोराचा सगळा धंदा यावर. त्या पहिल्या रेघेच्या आधी @ असलं तर सरळ बंदच करा, ब्राउझर @ च्या उजवीकडच्या नावावर जातो, डावीकडचं फक्त दाखवायला.

काही शेपटं मात्र कामाची आहेत कारण ती कुणालाबी मिळत नाहीत. .gov.in सरकारी खात्यांनाच मिळतं. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं .bank.in आणलं आन ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी तिकडं जायचं असं सांगितलं, ते नाव देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेनंच काढलेल्या संस्थेकडं एकटीकडं आहे. हे मला कुलपापेक्षा कितीतरी भरवशाचं वाटतं, कारण इथं नाव देतानाच माणूस तपासला जातो. तरी त्याला बी मर्यादा आहेच, खरी सरकारी साईट हॅक झाली तर नाव बी खरं आन कुलूप बी खरं. शिवाय कुलपाचं काम सर्व्हरच्या दारात संपतं, आत तुमचा डेटा कुणी एक्सेलमधे उघडा टाकून ठेवला असेल तर ते त्याला काय माहीत.

कुणी म्हणेल, पूर्वी हिरवी पट्टी यायची आन त्यात कंपनीचं नाव असायचं, ते काय होतं? ते महागडं सर्टिफिकेट, त्यासाठी कंपनीची कागदपत्रं तपासायचे. पण लोक त्या पट्टीकडं बघतच नव्हते, म्हणून २०१९ मधे क्रोम आन फायरफॉक्स दोघांनी ती पत्त्याच्या पट्टीतनं काढून टाकली. पुढं गूगलनं कुलपाबद्दलच लोकांना विचारून बघितलं, २०२१ च्या त्या अभ्यासात कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना बरोबर सांगता आला. मग सप्टेंबर २०२३ मधे क्रोमनं कुलूपच काढलं आन तिथं दोन आडव्या दांड्यांचं सेटिंगसारखं चिन्ह बसवलं. म्हणजे बनवणाऱ्यांनीच हात टेकले, आन आपल्याकडं अजून "कुलूप बघा" चालूच आहे. ज्यांच्याकडं क्रोम आहे त्यांना कुलूप दिसणार तरी कुठनं?

उलटा घोळ बी असतो. "Not secure" दिसलं की लोक म्हणतात साईट चोराची. तसं नसतं, एखाद्या ग्रामपंचायतीची नाहीतर कॉलेजची जुनी एचटीटीपी साईट असेल, नुसतं वाचायचं असेल तर वाचा, फक्त तिथं पासवर्ड, ओटीपी, कागदपत्रं काही टाकू नका. आन पानभर लाल इशारा आला तर घाबरायच्या आधी खालचा कोड वाचा. NET::ERR_CERT_COMMON_NAME_INVALID असेल तर सर्टिफिकेट दुसऱ्याच नावाचं आहे, तिथनं माघारी फिरा, Advanced दाबून पुढं जायचं नाही. NET::ERR_CERT_DATE_INVALID एकाच साईटवर येत असेल तर बहुतेक तिथल्या माणसानं सर्टिफिकेट वेळेत बदललं नाही, लेट्स एन्क्रिप्टचं साधं सर्टिफिकेट ९० दिवसांचंच असतं. पण सगळ्याच साईटवर तेच यायलं असेल तर दोष तुमच्या मशीनच्या घड्याळाचा. सेवा केंद्रातल्या जुन्या पीसीवर हे लै होतं, मदरबोर्डवरचा बारका सेल संपतो, लाईट गेली की तारीख कुठल्या कुठं मागं जाते आन ब्राउझरला वाटतं ही सर्टिफिकेटं अजून चालूच झाली नाहीत. तिथं विंडोज नव्यानं टाकायला सांगणारा कुणी भेटला तर त्याचं ऐकू नका, आधी तारीख बरोबर करून बघा, आन दुसऱ्या दिवशी परत मागं गेली तर सीआर२०३२ चा सेल बदला.