शेकमधलं पाणी येतं कुठून?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांना टेकतो आणि घरोघरी केळ्याचा शेक सुरू होतो. रावेर, यावल, चोपड्याच्या पट्ट्यात केळ्यांना तोटा नाही, त्यामुळे केळं घालताना कोणी हात आखडता घेत नाही. तरीही मिक्सरमधून काढताना घट्ट दिसणारा शेक पंधरा-वीस मिनिटांत बसतो. वर गराचा फुगीर थर येतो आणि तळाशी पांढुरकं पाणी दिसायला लागतं. अशा वेळी बहुतेक घरांत दुधाला बोल लावला जातो आणि पुढच्या खेपेला दूध कमी घातलं जातं. दुधाचा यात दोष फारच थोडा असतो. केळं नेमकं किती पिकलं होतं, थंडावा कुठून आणला आणि मिक्सर किती वेळ फिरवला, यांवर जवळपास सगळं ठरतं.

पिकलेल्या केळ्याच्या गरातही सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतं. तरी ते केळ्यातून गळत नाही, कारण पेशींच्या भिंतींनी आणि त्या भिंतींमधल्या पेक्टिन नावाच्या द्रव्याने ते धरून ठेवलेलं असतं. कच्च्या केळ्यात पेक्टिन दोन विटांमधल्या चुन्यासारखं पक्कं बसलेलं असतं आणि पाण्यात विरघळत नाही. केळं पिकताना फळातलीच विकरं, म्हणजे एन्झाइम, ते सोडवत जातात. मोकळ्या झालेल्या पेक्टिनच्या लांब साखळ्या पाण्यात विरघळतात आणि त्या पाण्याला संथ, दाट करतात. अशा दाट द्रवात गराचे कण चटकन वर जात नाहीत आणि खालीही बसत नाहीत. शेकचा घट्टपणा म्हणतात तो मुख्यतः हाच.

पिकताना दुसराही एक बदल चालू असतो. कच्च्या केळ्याच्या गरात वजनाच्या सुमारे वीस टक्के स्टार्च, म्हणजे पिठूळ पदार्थ असतो. केळं पूर्ण पिकेपर्यंत त्यातला जवळजवळ सगळा साखरेत बदलतो. अर्धवट पिकलेल्या केळ्याचा शेक फसतो तो इथेच. पीठ आहे म्हटल्यावर शेक दाट होईल असं वाटतं, पण स्टार्चचे कण थंड दुधात फुगत नाहीत. त्यांना साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवावं लागतं. थंड शेकमध्ये ते कोरेच राहतात, जिभेला रवाळ लागतात आणि हळूहळू तळाशी बसतात. वर अशा केळ्यात पेक्टिनही पुरतं सुटलेलं नसतं, म्हणून शेक पातळ आणि थोडा तुरट होतो.

मग केळं पिकलंय हे ओळखायचं कसं? साल बघून, असं आपण म्हणतो, पण खानदेशच्या उन्हाळ्यात साल फसवते. आपल्याकडची श्रीमंती, बसराई, ग्रँड नैन ही सगळी कॅव्हेंडिश गटातली केळी. या गटाची एक खोड आहे. केळं पिकत असताना तापमान साधारण २४ अंशांच्या वर असलं, तर सालीतलं हरितद्रव्य नीट मोडत नाही. आतला गर मऊ आणि गोड होतो, साल मात्र हिरवट-पिवळीच राहते. म्हणूनच रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू देताना तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास ठेवतात. तिथून निघालेली केळी सुरेख पिवळी दिसतात, पण तीही लगेच शेकला योग्य असतात असं नाही. देठाची बाजू आणि टोक हिरवं असेल, तर आत अजून बरंच पीठ शिल्लक असतं. म्हणजे घरी उन्हाळ्यात टांगून पिकवलेला हिरवट घड आतून तयार असू शकतो आणि बाजारातली पिवळीधमक फणी आतून कच्ची असू शकते.

शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. केळ्याची चकती कापून तिच्यावर टिंक्चर आयोडीनचे एक-दोन थेंब टाकायचे. जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन थोड्या पाण्यात मिसळून घेतलं तरी चालतं. जिथे स्टार्च आहे तिथे चकती निळी-काळी पडते. पिकलेल्या केळ्यात आयोडीनचा तपकिरी रंगच राहतो किंवा जेमतेम पुसट ठिपके उमटतात. ती चकती मात्र खायची नाही, फेकून द्यायची. रोज एवढं करायची गरज नाही. दोन बोटांत चकती चिरडली की ती गुळगुळीत लगद्यासारखी पसरायला हवी. पिठासारखी फुटली, तर ते केळं एक-दोन दिवस ठेवावं.

दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. सालीवर तपकिरी ठिपके आलेलं केळं शेकला उत्तम. पण गर पारदर्शक, ओलसर आणि दाबला की पाणी सुटणारा झाला असेल, तर विकरांनी पेक्टिनच्या साखळ्या तोडून लहान केलेल्या असतात. तुटक्या साखळ्या पाण्याला धरत नाहीत. केळ्याचा स्वच्छ, पातळ रस काढणारे उद्योग गरात मुद्दाम असंच पेक्टिन तोडणारं विकर घालतात. अतिपिकलेल्या केळ्यात ते काम आपोआप झालेलं असतं. असं केळं शिऱ्यात किंवा केकमध्ये घालावं.

आता थंडाव्याकडे वळू, कारण सगळ्यात जास्त शेक बर्फाने बिघडतात. दोन मध्यम केळ्यांचा २०० ग्रॅम गर आणि २५० मिली दूध घेतलं, तर मिश्रणात केळ्याचा वाटा साधारण ४४ टक्के असतो. त्यात १५ ग्रॅमचे आठ खडे, म्हणजे १२० ग्रॅम बर्फ घातला आणि तो विरघळला, की हाच वाटा ३५ टक्क्यांवर येतो. आकडे बघून फरक थोडा वाटेल. पण दाटपणा गराच्या प्रमाणाच्या हिशेबात घटत नाही, त्याहून खूप वेगाने घटतो. शेक पेल्यात ओतताना बर्फाचा चुरा शिल्लक असतो, तोवर सगळं घट्ट दिसतं. तो वितळला की आपण जे प्यायला बसलेलो असतो, त्यातला पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग बर्फाचं साधं पाणी असतं.

हा बर्फ वेगळा घालायची गरजच नाही, कारण तो केळ्यात आहे. एका केळ्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ७५ ग्रॅम पाणी असतं. केळं सोलून चकत्या करून फ्रीजरमध्ये गोठवलं, की त्यातल्या बहुतेक पाण्याचा बर्फ होतो. एवढा बर्फ वितळताना फ्रीजमधलं २५० मिली दूध आणि दुसरं, न गोठवलेलं केळं मिळून शून्याच्या जवळपास आणण्याइतकी उष्णता शोषून घेतो. वितळून जे पाणी होतं ते केळ्याचंच असतं, त्यात साखर आणि पेक्टिन आधीपासून असतं. दोन पेल्यांच्या शेकला एक केळं गोठवलेलं आणि एक साधं, हे प्रमाण मला सगळ्यात पटतं. दोन्ही गोठवली तर चमच्याने खावा लागेल इतका घट्ट गोळा होतो, आणि घरगुती मिक्सरच्या मोटरीवरही ताण येतो.

गोठवताना चकत्या स्टीलच्या ताटलीत सुट्या पसरून ठेवाव्यात आणि कडक झाल्या की डब्यात भराव्यात. साल काढायला विसरू नये, गोठल्यावर ती निघता निघत नाही. या चकत्या वितळू मात्र द्यायच्या नाहीत. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटलेल्या असतात, त्यामुळे वितळताना पाणी गळतं, विकरं मोकळी होतात आणि गर काळपट पडतो. फ्रीजरमधून काढून थेट भांड्यात टाकायच्या.

उरला मिक्सर. सगळं दूध एकदम ओतून दोन-तीन मिनिटं पूर्ण वेगाने फिरवलं की पातळ द्रवात भोवरा तयार होतो आणि तो हवा आत ओढतो. हवेचे बुडबुडे केळ्याच्या तंतूंना चिकटतात, त्यांना हलकं करतात आणि वर घेऊन येतात. वरचा फुगीर थर असा तयार होतो. म्हणून आधी दोन्ही केळी आणि फक्त ५०-६० मिली दूध घ्यावं. मिश्रण दाट असल्याने भोवरा होत नाही आणि पात्यांना गर बारीक करायला चांगली पकड मिळते. कडेला चिकटलेला गर चमच्याने खाली ओढून पुन्हा फिरवावं. एकही गाठ दिसेनाशी झाली की उरलेलं दूध घालावं आणि मिक्सर तीन-चार वेळा क्षणभरच चालू-बंद करावा. साखर घालायची असेल तर तीही याच वेळी. कापलेल्या केळ्यांवर आधीच साखर घालून ठेवली, तर ती गरातलं पाणी बाहेर ओढते.

दुधाकडे लक्ष द्यायचं ते दोन गोष्टींपुरतं. म्हशीचं दूध तापवून गार केलेलं असेल तर साय काढून घ्यावी, कारण जास्त वेळ फिरली की तिचे लोण्याचे कण होतात. आणि केळं काळं पडू नये म्हणून लिंबू पिळू नये. दुधातलं केसीन हे प्रथिन आम्लता ४.६ पीएचपर्यंत गेली की गोठतं. केळं एकटं दुधाला तिथवर नेत नाही, लिंबू मात्र नेऊ शकतं.

बिघाड कुठे झाला ते काचेच्या पेल्यात बाजूने बघितलं की कळतं. गर वर तरंगला असेल तर हवा जास्त भरली, तळाशी रवाळ साका बसला असेल तर केळं कच्चं होतं, आणि मधे बारीक पांढऱ्या गुठळ्या असतील तर दूध फाटलं. थर न पडता सगळाच शेक पातळ असेल तर बर्फ किंवा अतिपिकलेलं केळं.

सगळं जमूनही शेक दिवसभर एकजीव राहत नाही. गोड्या दुधात पेक्टिन आणि केसीन एकमेकांना जवळ करत नाहीत. पेक्टिनच्या साखळ्या केसीनच्या कणांना एकत्र ढकलतात आणि वेळ गेला की ते वेगळे होतात. बाटलीबंद पेयांत यासाठी समुद्री शेवाळातून काढलेलं कॅराजीनन घालतात, ते केसीनला चिकटून जाळं धरतं. घरी शेक तासभर ठेवायचाच असेल, तर २५० मिली दुधात चहाचा एक चमचा कॉर्नफ्लोअर आधी थोड्या थंड दुधात कालवून, उकळी येईपर्यंत शिजवून, पूर्ण गार करून ते दूध वापरावं. शिजलेला स्टार्च फुगलेला असतो, त्यामुळे कच्च्या केळ्यातलं पीठ जे करू शकत नाही ते तो करतो. त्याचाही भरवसा तास-दोन तासांचाच, कारण पिकलेल्या केळ्यात स्टार्च तोडणारं विकर असतं आणि ते फ्रीजमध्येही अगदी थांबत नाही. सकाळी करून दुपारच्या डब्यात द्यायचा असेल, तर दूध आणि केळं वेगळंच द्यावं.