पाच शब्दांतरांनंतर मजकुरात काय उरतं?

मशीनने लिहिलेला मजकूर दुसऱ्या मशीनकडून पुन्हा पुन्हा वेगळ्या शब्दांत लिहून घेतला, की मजकूर मशीनचा आहे का हे ओळखणाऱ्या डिटेक्टरचा आकडा घसरत जातो. हे का होतं हे नीट समजून घ्यायचं तर वॉटरमार्क, म्हणजे लिहितानाच पेरलेली छुपी खूण, असलेला मजकूर घ्यावा, कारण तिथे प्रत्येक पायरी आकड्यांत मोजता येते. बाकीच्या डिटेक्टरांना अंदाजावर चालावं लागतं. वॉटरमार्कमध्ये खूण कुठे ठेवली होती हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे ती किती पुसली हेही कळतं.

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात जॉन कर्चेनबावर आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडलेली पद्धत आता या विषयात पायाभूत मानली जाते. भाषेचं मॉडेल मजकूर एकेका टोकनने पुढे नेतं. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. पुढचं टोकन निवडण्याआधी मॉडेल नुकत्याच लिहिलेल्या टोकनवरून, गुप्त किल्लीच्या मदतीने, एक यादृच्छिक आकडा काढतं आणि त्यानुसार सगळा शब्दसंग्रह हिरव्या आणि लाल अशा दोन गटांत वाटतं. मग हिरव्या गटातल्या टोकनांचं पारडं थोडं जड करतं. लाल टोकनांवर बंदी नसते, फक्त हिरवी जास्त वेळा निवडली जातात. वाचणाऱ्याला काहीच जाणवत नाही. मात्र ज्याच्याकडे किल्ली आहे तो प्रत्येक टोकनच्या आधीचं टोकन पाहून गट पुन्हा पाडू शकतो आणि हिरवी किती आली ते मोजू शकतो.

म्हणजे खूण एकट्या शब्दावर नसते, ती लागून आलेल्या जोडीवर असते. तोच शब्द एका शब्दानंतर हिरवा ठरतो, दुसऱ्यानंतर लाल.

दोन्ही गट सारखे असतील तर माणसाच्या मजकुरात साधारण निम्मी टोकनं हिरवी निघतील. निम्म्यापेक्षा जास्त निघाली, तर तो फरक योगायोगाने पडू शकतो का, हे एका आकड्यावरून ठरतं:

```
z = (G − T/2) / (√T / 2)
```

`T` म्हणजे एकूण टोकनं आणि `G` म्हणजे त्यांतली हिरवी. समजा २०० टोकनांच्या परिच्छेदात १४४ हिरवी निघाली. निम्म्यापेक्षा ४४ जास्त. २०० च्या वर्गमुळाचं निम्मं सुमारे ७.०७. म्हणून `z` आला ६.२. साधारणपणे ४ ही मर्यादा धरतात, कारण माणसाच्या मजकुराने ती योगायोगाने ओलांडण्याची शक्यता एक लाखात तीनच्या आसपास असते. ६.२ म्हणजे शंकेला जागाच नाही.

आता शब्दांतर करू. समजा मूळ वाक्य असं आहे: ‘उजनी धरणात यंदा १५ ऑगस्टपर्यंत केवळ निम्मा पाणीसाठा झाल्याने शेतकऱ्यांची चिंता वाढली आहे.’ सोयीसाठी प्रत्येक शब्द एक टोकन धरू. तेरा शब्द, बारा जोड्या. पहिल्या फेरीत ते असं होतं: ‘१५ ऑगस्टपर्यंत उजनी धरणात निम्माच पाणीसाठा झाल्याने शेतकरी चिंतेत आहेत.’ वाक्य ओळखीचं वाटतं, बरेच शब्दही तेच आहेत. पण मूळ जोड्यांपैकी तीनच टिकल्या: ‘१५ ऑगस्टपर्यंत’, ‘उजनी धरणात’ आणि ‘पाणीसाठा झाल्याने’. ‘ऑगस्टपर्यंत उजनी’ या जोडीतले दोन्ही शब्द जुने आहेत, जोडी मात्र नवी आहे आणि खुणेच्या दृष्टीने कोरी आहे. दुसऱ्या फेरीत समजा हे आलं: ‘शेतकरी काळजीत आहेत, कारण १५ ऑगस्टपर्यंत उजनी धरण जेमतेम अर्धं भरलं.’ मुळातली एकच जोडी उरली, ‘१५ ऑगस्टपर्यंत’.

घसरण एवढ्या वेगाने का होते, ते इथेच दिसतं. जोडी टिकायला दोन्ही शब्द टिकावे लागतात आणि शेजारीच राहावे लागतात. एकेक शब्द टिकण्याची शक्यता ७० टक्के धरली, तर जोडी टिकण्याची ४९ टक्केच उरते. एकाऐवजी मागची चार टोकनं पाहून गट पाडणाऱ्या वॉटरमार्कला पाचही टोकनं अखंड हवी असतात. तिथे हा आकडा १७ टक्क्यांपर्यंत येतो. मागे जितकं जास्त पाहावं तितकी खूण बाहेरच्याला हुडकायला अवघड, पण शब्दांतरापुढे तितकीच नाजूक. दोन्ही गुण एकदम मिळत नाहीत.

आपल्या २०० टोकनांच्या उदाहरणात पहिल्या फेरीनंतर ४५ टक्के जोड्या टिकल्या असं धरू. टिकलेल्या जोड्यांत हिरव्याचं प्रमाण पूर्वीसारखंच ७२ टक्के राहतं, नव्या जोड्यांत ते ५० टक्के असतं. हिरवी टोकनं १४४ वरून सुमारे १२० वर येतात आणि `z` २.८ होतो. संशय वाटेल, पण मर्यादा ओलांडली जाणार नाही. दुसऱ्या फेरीनंतर २५ टक्के टिकल्या तर हिरवी १११, `z` १.६. पाचव्या फेरीनंतर १५ टक्के टिकल्या तर हिरवी १०७ च्या आत-बाहेर आणि `z` जेमतेम १. एवढा आकडा माणसाने लिहिलेल्या दर सहा मजकुरांपैकी एकाला सहज मिळतो.

प्रत्यक्ष प्रयोगही हेच सांगतात. मेरीलँड विद्यापीठातल्याच विनू शंकर सदाशिवन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये सुमारे ३०० टोकनांचे वॉटरमार्क असलेले परिच्छेद डिपर नावाच्या शब्दांतर करणाऱ्या मॉडेलमधून पाच वेळा काढले. माणसाच्या मजकुरावर चुकून ठपका बसण्याचं प्रमाण १ टक्क्यावर ठेवून मोजलं, तर सुरुवातीला ९९.३ टक्के परिच्छेद पकडले जात होते. पाच फेऱ्यांनंतर ९.७ टक्केच पकडले गेले.

वॉटरमार्क नसलेल्या मजकुराचं गणित वेगळं, पण शेवट तोच. स्टॅनफर्डचं डिटेक्टजीपीटी मजकुरात ठिकठिकाणी बारीक बदल करून पाहतं. मॉडेलने स्वतः लिहिलेला मजकूर त्याच्या दृष्टीने बहुधा शिखरावर असतो, थोडं हलवलं की त्याची संभाव्यता पडते. माणसाचं वाक्य हलवल्यावर ती कधी वाढते, कधी घटते. शब्दांतर करणारं मॉडेल मजकूर पहिल्या मॉडेलच्या शिखरावरून खाली उतरवतं, कारण त्याच्या स्वतःच्या आवडीनिवडी वेगळ्या असतात. डिपर तयार करणाऱ्या कल्पेश कृष्ण आणि सहकाऱ्यांनी मोजलं, तेव्हा १ टक्का चुकीच्या ठपक्याच्या अटीवर डिटेक्टजीपीटीचं यश ७०.३ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आलं, तेही एका फेरीत. पण त्याबरोबर मजकूर शब्दांतर करणाऱ्या मॉडेलच्या शिखराकडे सरकलेला असतो. ते मॉडेल ओळखीचं असेल आणि त्याच्या मजकुरावर डिटेक्टर शिकवला असेल, तर ही नवी खूण सापडते. चाचणी चुकीच्या मॉडेलवर केली, तरच मजकूर निर्दोष दिसतो.

आता उरतं काय, ते पाहू. वरच्या हिशोबात पाचव्या फेरीनंतरही १५ टक्के जोड्या धरल्या होत्या. दर फेरीला तेवढ्याच प्रमाणात जोड्या गळत गेल्या असत्या, तर ४५ टक्क्यांचे २०, मग ९, असं होत पाचव्या फेरीला दोनच टक्के उरले असते. तसं होत नाही, कारण सगळ्या जोड्या सारख्याच सैल नसतात. तारखा, गावांची नावं, कायद्याची कलमं, औषधांची नावं, ठरलेल्या संज्ञा आणि अवतरणं यांना हात लावला तर मजकूरच चुकीचा होतो. पहिल्या फेऱ्यांत सैल जोड्या तुटतात, नंतर या कठीण गाठी उरतात. मात्र एक अडचण आहे. ‘१५ ऑगस्ट’ लिहिताना मॉडेललाही फारसा पर्याय नव्हता, त्यामुळे नेमक्या या गाठींवर खूण फिकी बसलेली असते. प्रत्यक्ष उरलेला हिरवा कल आपल्या सोप्या हिशोबापेक्षा कमीच निघतो.

मराठीत हे आणखी ठळक होतं. मजकूर टोकनांत तोडणारे बरेच टोकनायझर देवनागरी शब्दाचे अनेक तुकडे करतात. शब्द टिकला की त्याच्या आतल्या जोड्याही टिकतात, म्हणून टिकलेल्या जोड्यांचा आकडा मोठा दिसतो. पण शब्दाचा पहिला तुकडा आला की पुढचे जवळजवळ ठरलेले असतात, तिथे खूण उमटायला वाव नसतो. इंग्रजीत वॉटरमार्क असलेल्या मजकुराचं मराठी भाषांतर केलं, तर सगळीच टोकनं बदलतात आणि जोड्यांचा हा हिशोब संपतो.

तरीही थोडासा कल शिल्लक असेल, तर त्याला लांबीची साथ मिळते. अतिरिक्त हिरवी टोकनं लांबीच्या प्रमाणात वाढतात, योगायोगाने होणारा चढउतार मात्र लांबीच्या वर्गमुळानेच वाढतो. १५ टक्के जोड्यांचा तोच मजकूर २०० ऐवजी ४००० टोकनांचा असेल, तर हिरवी २१३२ अपेक्षित आहेत. म्हणजे १३२ जास्त, आणि `z` ४.२. एका पानावर जी खूण दिसत नव्हती, ती वीस पानांत मर्यादा ओलांडते. कर्चेनबावर यांच्या गटाने पुढे माणसांकडून कसून शब्दांतर करून घेतलं. तेव्हा एक लाखात एक चुकीचा ठपका एवढी कडक अट ठेवूनही सरासरी ८०० टोकनांनंतर वॉटरमार्क सापडत होता. म्हणून एका परिच्छेदावर निकाल देणाऱ्यापेक्षा पूर्ण प्रबंध तपासणाऱ्याच्या हाती बरंच काही असतं.

दुसरी खूण मजकुराच्या अर्थात असते. शब्दांतर यशस्वी व्हायचं तर अर्थ टिकायलाच हवा, आणि मग तोच पकडता येतो. कृष्ण यांच्या गटाने सुचवलेला उपाय असा: मॉडेल चालवणाऱ्या कंपनीने आपली सगळी उत्तरं साठवावीत आणि संशयित मजकूर अर्थाच्या जवळिकीने त्या साठ्यात शोधावा. दीड कोटी उत्तरांच्या साठ्यात शब्दांतर केलेल्या मजकुरांपैकी ८० ते ९७ टक्के त्यांना सापडले, चुकीचा ठपका १ टक्क्यावर ठेवून. पण हा शोध साठा ज्याच्याकडे आहे त्यालाच घेता येतो. शिवाय लोकांनी विचारलेलं सगळं साठवून ठेवणं हा खासगीपणाचा गंभीर प्रश्न आहे. शिक्षकाला किंवा संपादकाला बाहेरून हा मार्ग उपलब्ध नाही.

त्यांच्या हाती लागते ती तिसरी खूण, म्हणजे शब्दांतराने केलेली मोडतोड. गीयोम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांनी २०२१ मध्ये शास्त्रीय निबंधांतले असे विद्रूप शब्दप्रयोग गोळा केले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’, ‘बिग डेटा’च्या जागी ‘कोलॉसल इन्फर्मेशन’. समानार्थी शब्द बदलत जाणाऱ्या साधनाला ठरलेली संज्ञा कळली नाही, हे त्याचं कारण. आजची मॉडेलं इतकं ढोबळ चुकत नाहीत, त्यांची चूक बारीक असते. ‘होऊ शकतं’ याचं ‘होतं’ होतं, अट गळते, ‘सुमारे’ गायब होतं, एकाच वस्तूला तीन परिच्छेदांत तीन नावं येतात. वरच्या उदाहरणात बघा: ‘यंदा’ पहिल्याच फेरीत गळलं, आणि दुसऱ्या फेरीत ‘केवळ निम्मा’चं ‘जेमतेम अर्धं’ झालं. पाच फेऱ्यांत असे बदल साठत जातात. मूळ संदर्भ समोर ठेवून आकडे, अटी आणि संज्ञा ताडून पाहिल्या तर ते दिसतात.

पण यातून मजकूर बिघडला एवढंच सिद्ध होतं. तो कोणी लिहिला हे सिद्ध होत नाही, कारण घाईत लिहिणारा माणूसही अट गाळतो. स्टॅनफर्डमधल्या अभ्यासात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतल्या ९१ निबंधांवर सात डिटेक्टर चालवले, तेव्हा सरासरी निम्म्याहून जास्त निबंध मशीनचे ठरवले गेले. शब्दांतरातून निसटणारे मजकूर पकडण्यासाठी मर्यादा खाली आणली, तर आधी ठपका बसतो तो साध्या, मोजक्या शब्दांत लिहिणाऱ्या या माणसांवर. दोनशे टोकनांच्या मजकुरावर `z` १ असेल, तर तपासणाऱ्याने ‘ठरवता येत नाही’ एवढंच लिहावं आणि लेखकाकडे आधीचे खर्डे मागावेत.