सामुदायिक उपसा सिंचनाचा अर्ज: आधी नदीची उन्हाळी पातळी मोजा

नदीवरून गटाने पाणी उचलायचं तर पहिलं काम संस्था नोंदवणं. सहकारी संस्थेला एरवी वेगवेगळ्या कुटुंबांतले १० सभासद लागतात, पण उपसा सिंचन संस्था ५ जणांवरही नोंदवता येते. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करायचा. पाणी उचलण्याची परवानगी मात्र जलसंपदा विभाग देतो, त्यामुळे त्याच्या विभागीय कार्यालयात वेगळा अर्ज लागतो. सोबत सभासदांचे सातबारा आणि ८ अ, भिजणाऱ्या जमिनीच्या गटांचा नकाशा, पीकरचना, नदीकाठच्या ज्या विहिरीतून पंप पाणी उचलतो त्या जॅकवेलच्या जागेचं संमतीपत्र आणि योजनेचा आराखडा द्यावा.

घोडं अडतं ते आराखड्यात.

समजा, पंचगंगेकाठची ४० हेक्टर जमीन आहे. पिकाला दिवसाला सरासरी ६ मिलिमीटर पाणी धरलं तर २,४०० घनमीटर होतं. वीज ८ तास मिळणार म्हणजे पंपाने सेकंदाला ८३ लिटर उचललं पाहिजे. पाणी जिथे पडतं त्या वरच्या डिलिव्हरी चेंबरपर्यंतची उंची नदीच्या सर्वांत खालच्या पातळीपासून मोजायची. दिवाळीत पाणी अडवायला बंधाऱ्याला बरगे घातलेले असतात, पाणी तुडुंब दिसतं आणि मोजणारा तिथूनच टेप लावतो. मग मे महिन्यात पाणी जॅकवेलच्या तोंडाखाली जातं आणि पंप हवा ओढू लागतो. उलट मोटर आणि स्टार्टर पूरपातळीच्या वर हवेत. २०१९ चा पूर पाहिलेल्यांना हे सांगायला नको.

आपल्या उदाहरणात ही उंची ३५ मीटर आणि पंपापासून चेंबरपर्यंतचा पाइप म्हणजे रायझिंग मेन १,५०० मीटर धरू. ३०० मिलिमीटर आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाइप घेतला तर घर्षणात साधारण ६ मीटर हेड, म्हणजे तेवढ्या उंचीइतका दाब, जातो. व्हॉल्व्ह-बेंडचे २ मीटर धरून एकूण ४३ मीटर. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ६७ अश्वशक्ती लागते, म्हणजे ७५ ची मोटर पुरते. स्वस्त म्हणून २५० चा पाइप टाकला तर घर्षणच साडेचौदा मीटरवर जातं, गरज ८० अश्वशक्तीवर आणि मोटर १०० वर. पाइपात वाचलेले पैसे दर महिन्याच्या वीजबिलात जातात. हा हिशोब आधी पक्का करा, कारण महावितरणकडे जोडभार याच आकड्यावरून मागायचा असतो.

पाइप दुसऱ्याच्या रानातून जाणार असेल आणि तो तयार नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. नुकसानभरपाई द्यावी लागते आणि पाइप जमिनीखाली पुरेसा खोल घालावा लागतो. नांगराचा फाळ लागणार नाही इतका खोल घातला की बांधावरची भांडणं निम्मी कमी होतात. तरी आधी त्याच्या घरी जाऊन चहा घ्यावा आणि संमती लिहून आणावी.